उत्पन्नाचा रकाना कोरा: ओळ उडवायची की सरासरी भरायची?

मनीषनगरची_रिया
एमएस्सी स्टॅटचा प्रोजेक्ट आहे. नागपुरातल्या १६० घरांत फिरून महिन्याचं उत्पन्न, घरातली माणसं आणि मे महिन्याच्या बिलातले युनिट घेतले. ४१ घरांनी उत्पन्न सांगितलंच नाही. त्या ओळी उडवल्या तर ११९ उरतात. मैत्रीण म्हणते सरासरी भर, १६० पूर्ण दिसतील. मला काढायचंय ते एवढंच: उत्पन्न वाढलं की युनिट किती वाढतात? काय करू?

डेटावाला_इतवारी
भर सरासरी अन् हो मोकळी. आम्ही ऑफिसात रोज हेच करून राहिलो.

```
df["income"] = df["income"].fillna(df["income"].mean())
```

मे महिन्याच्या उन्हात ४१ घरं पायी फिरलीस, ती काय फेकून देणार? अन् भरल्यावर सरासरी तर बदलत नाही ना.

निवृत्त_मास्तर
सरासरी बदलत नाही हे खरं, पण बाकीचं बदलतं ते बघा. कागदावर सहाच घरं मांडतो. चार घरांचं उत्पन्न १०, २०, ३०, ४० हजार, दोघांचं कोरं. चौघांची सरासरी २५, स्टँडर्ड डेव्हिएशन १२.९. आता दोन्ही कोऱ्या जागी २५ लिहा. सरासरी २५च राहिली, पण डेव्हिएशन १० वर आलं. सरासरीची स्टँडर्ड एरर ६.५ वरून ४.१ झाली. माहिती एका पैशाची वाढली नाही आणि खात्री मात्र वाढलेली दिसते. रिया, तुझ्या अहवालात उत्पन्नाची सरासरी आणि तिची एरर छापणार असशील, तर ती खोटी छापली जाईल.

प्रतापनगर_पर्णा
बरोबर. आणि सरासरी भरली की रेषेचा उतार चपटा होतो, आमच्या सरांनी सांगितलंय. म्हणून ओळी उडवणंच योग्य. विषय संपला.

निवृत्त_मास्तर
पर्णा, अर्धं बरोबर. कोरं काय आहे त्यावर ते ठरतं. माझ्या चार घरांचे युनिट धरू १५०, २००, २३०, ३००. उतार येतो ४.८, म्हणजे उत्पन्न हजाराने वाढलं की जवळपास पाच युनिट जास्त. ज्यांनी उत्पन्न सांगितलं नाही त्या दोघांचे युनिट धरू ४०० आणि ४२०. त्यांच्या उत्पन्नात २५ भरून रेषा काढ. उतार परत ४.८च येईल, अगदी तोच. कारण भरलेली जागा सरासरीवरच बसते, तिथून उत्पन्नाचा फरक शून्य, मग ती रेषेला कुठेच ओढत नाही. पण रेषा वर सरकते, इंटरसेप्ट १०० चा १६३ होतो, आणि R² ०.९८ वरून ०.१९ वर कोसळतो. करून बघ, पाच मिनिटांचं काम आहे.

उलटं, उत्पन्न माहीत (समज ६० आणि ७० हजार) आणि युनिटच कोरे असतील, आणि तिथे युनिटची सरासरी २२० भरलीस, तर उतार ४.८ चा ०.९ होतो. तुझ्या सरांनी सांगितलेलं हे आहे.

काटोलचा_बागवान
माझ्याकडे हेच दुखणं आहे बावा. संत्र्याच्या बागांची यादी केली, त्यात मृग बहाराच्या उत्पादनाचा रकाना निम्म्या शेतकऱ्यांचा कोरा. कृषीवाल्या पोरानं तिथं सरासरी टाकून दिली. आता ज्यानं आंबिया धरला, मृग घेतलाच नाही, त्याच्या झाडालाही कागदावर मृगाची संत्री लागली! हे काहून होऊ दिलं म्हणतो मी.

डेटावाला_इतवारी
काका, तुमचं कोरं म्हणजे "नाही" आहे, "माहीत नाही" नव्हे. रियाचा प्रश्न वेगळा.

निवृत्त_मास्तर
वेगळा आहे, पण काकांमुळे एक विचारतो. रिया, काही घरी उत्पन्न ० किंवा -99 असं लिहिलंय का? तसं असेल तर तुझ्या ४१ चा आकडाही चुकलाय आणि सरासरीही.

मनीषनगरची_रिया
तीन घरी शून्य सापडलं! निवृत्त आजोबा होते, पेन्शन मिळते पण सांगायची नव्हती. म्हणजे ४४ कोरी. आणि मी `dropna()` नुसतंच चालवलं तेव्हा ५२ ओळीच उरल्या होत्या, ते का?

प्रतापनगर_पर्णा
शेरा वगैरे कुठलाही रकाना कोरा असला तरी ते अख्खी ओळ उडवतं गं. आधी ती शून्यं कोरी कर, मग हे दे:

```
df["income"] = df["income"].replace(0, float("nan"))
df = df.dropna(subset=["income", "units", "members"])
```

मनीषनगरची_रिया
झालं, आता ११६. मास्तर, तुम्ही विचारण्याआधीच सांगते: कोऱ्या घरांचे सरासरी युनिट ४१० आले, बाकीच्यांचे २६५.

निवृत्त_मास्तर
मग ती घरं कुठली ते सांगायची गरज नाही. गेट उघडून पाणी देतात, पण उत्पन्न विचारलं की "साहेब घरी नाहीत". कोरी जागा सहजासहजी पडलेली नाही, श्रीमंती लपवताना पडलेली आहे. म्हणून उत्पन्नाची सरासरी ओळी उडवूनही कमी येणार आणि सरासरी भरूनही तेवढीच कमी. दोन्ही सारखेच चुकतात.

पण तुझा प्रश्न उताराचा. माणूस उत्पन्न लपवतो ते उत्पन्नामुळे, विजेच्या बिलामुळे नव्हे. कोरेपणा फक्त उत्पन्नावर अवलंबून असेल आणि नातं सरळ रेषेचं असेल, तर उरलेल्या ११६ घरांवरून काढलेला उतार एकीकडे झुकत नाही, फक्त थोडा ढिला येतो. हे "असेल" मात्र मोठं आहे. बंगल्यात तीन एसी आणि चाळीत एक कूलर, ही दोन्ही एकाच रेषेवर बसतीलच असं नाही. तुझ्या ११६ मध्ये सर्वांत मोठं उत्पन्न जेवढं असेल, त्याच्यापुढे ती रेषा लांबवू नकोस.

डेटावाला_इतवारी
मग तुमच्याच हिशोबानं उतार दोन्हीकडे सारखा येतो ना? तर भरायला हरकत काय? सोबत "उत्पन्न कोरं होतं" असा ०-१ चा रकाना जोडा. आमचं मॉडेल त्यानं सुधारलं.

निवृत्त_मास्तर
सारखा येतो तो उत्पन्न एकटं असताना. रियाने माणसांची संख्याही घेतलीय. ४४ घरांत उत्पन्न सरासरीवर गोठवलं की त्या घरांपुरता उत्पन्नाचा परिणाम मोकळा सुटतो आणि माणसांच्या आकड्याला चिकटतो. मोठ्या घरात उत्पन्नही जास्त असेल, तर दर माणशी युनिट फुगलेले दिसतील. ०-१ च्या रकान्यानेही ते पूर्ण जात नाही. तुमच्या ऑफिसात पुढच्या महिन्याचं बिल ओळखायचं असतं, तिथे अंदाज बरोबर आला की झालं. हिला गुणकाचा अर्थ सांगायचाय.

डेटावाला_इतवारी
हे पटलं नाही पूर्ण. ११६ वर काढलेला गुणक तरी बंगल्याबद्दल काय सांगतो? काहीच नाही. अर्धा नागपूर सोडून तुम्ही खरेपणाची बात करून राहिले.

प्रतापनगर_पर्णा
मल्टिपल इम्प्युटेशन करा ना मग. युनिट आणि माणसांवरून उत्पन्नाचा अंदाज, त्यात थोडा यादृच्छिक फरक मिसळून वीस प्रती, वीस वेळा रेषा, शेवटी एकत्र.

निवृत्त_मास्तर
चांगलं आहे, युनिटचा रकाना त्या अंदाजात घ्यायला विसरू नका. तो गाळला तर उतार शून्याकडे ढळतो. पण तेही एक धरून चालतं: तेवढेच युनिट आणि तेवढीच माणसं असलेल्या दोन घरांत सांगणारा आणि न सांगणारा सारखाच कमावतो. इथे ते खरं वाटत नाही. म्हणून रिया, वीस प्रती कर आणि नंतर कोऱ्या घरांचे अंदाज २० टक्के वाढवून, मग ५० टक्के वाढवून परत चालव. उतार किती हलतो ते टेबलात ठेव.

मनीषनगरची_रिया
आत्ता चालवलं. फक्त ११६ घरांवर उतार ३.९, प्रतींवर ३.७, ५० टक्के वाढवून २.८. गाइड सर म्हणतात एकच आकडा लिही.

डेटावाला_इतवारी
बघा, मी म्हणत होतो. आता लिहा कोणता ते!

काटोलचा_बागवान
माझ्या मृगाच्या रकान्यात शून्य टाकू की कोरंच ठेवू, ते कोणी सांगन का?