उत्तर: गॅदरिंगची कामं कुठवर फोडायची?

«कामं फोडली, पण सगळी आली का हे कसं ओळखायचं? आणि थांबायचं कुठं?»

कामं फोडून केलेल्या तक्त्यात वरच्या चौकटीपासून नको, खालून तपासा. निपाणीत आमच्या गॅदरिंगला 'मंडप'खाली तीन कामं होती: मांडव, खुर्च्या, साउंड. ही तिन्ही पूर्ण झाली असं समजा. मग 'मंडप' पूर्ण झाला का? नाही. स्पीकरची पोलीस परवानगी आणि खुर्च्या मोजून परत करणं कुठंच नव्हतं. रात्री अकराला मोजायला आम्ही दोघंच उरलो, बघा! खालची कामं मिळून वरचं काम शंभर टक्के भरायला हवं, आणि शंभर टक्के म्हणजे जास्तही नको: जनरेटर साउंडखालीही होता, विजेखालीही, म्हणून दोन आले.

थांबायचं तिथं, जिथं एकाच माणसाला जबाबदार धरता येतं, वेळ-खर्चाचा अंदाज बांधता येतो आणि काम झालं की नाही ते दिसतं. तेच वर्क पॅकेज. 'निमंत्रणपत्रिका' एकाकडे देऊन भागेना, कारण कन्नड प्रूफ वाचणारा वेगळा. म्हणून कन्नड मजकूर, मराठी मजकूर, छापील प्रती आणि वाटप अशी चार केली. त्याखाली 'प्रेसला फोन' वगैरे लिहू नका. ती ज्याची त्याची यादी. नावं क्रियापदात नकोत, हाती येणाऱ्या वस्तूची ठेवा.