कुठले अंक गळतात ते आधी पाहा

> पाठोपाठ दोन वस्तू स्कॅन केल्या की दुसरीचा बारकोड अर्धवट येतो, उरलेले अंक नगांच्या रकान्यात दिसतात.

स्कॅनर संगणकाला कीबोर्डच वाटतो. तो अंक टाइप करून शेवटी एंटर दाबतो. कर्सर जिथे असेल तिथे ते उमटतात. आधी नोटपॅडमध्ये तोच बारकोड वीसेक वेळा स्कॅन करा. तिथेही मधलेच अंक गळत असतील, तर स्कॅनरच्या पुस्तिकेतला दोन अक्षरांमधला विलंब वाढवणारा कोड स्कॅन करा. १० ते २० मिलिसेकंद बहुधा पुरतात.

पण तुमचे वर्णन वेगळे आहे. पहिल्या एंटरनंतर प्रोग्राम वस्तू शोधतो आणि मग कर्सर नगांवर नेतो. तेवढ्यात दुसरा 8901234567890 सुरू झाला, तर 89012 एका रकान्यात आणि 34567890 नगांत जातो. इथे विलंब वाढवला तर दुखणे वाढेल, कारण टायपिंग जास्त वेळ चालेल.

स्कॅनरला F9 सारखी आरंभखूण द्या. प्रोग्रामने ती खिडकीच्या पातळीवर पकडावी, एंटरपर्यंतचे सगळे अंक वेगळे साठवावेत आणि कोड रांगेत लावावा. शोध चालू असतानाही ही पकड थांबू देऊ नका, माझ्या मते खरी मेख तिथेच आहे.