अनुभव धागा: फोटोतली खिडकी बदलताना चौकट कशी जुळवता?

जुन्या नाशकातल्या आमच्या वाड्याची पहिल्या मजल्यावरची खिडकी सडली आहे. नवी कशी दिसेल ते फोटोतच बसवून घरच्यांना दाखवायचंय. भिंत फोडायची नाही, त्यामुळे ओपनिंग आहे तेवढंच हवं. पण बसवलेली खिडकी वरून चिकटवल्यासारखी दिसते. असं काम केलेल्यांनी अनुभव लिहा.

रेखा_सिडको: ओपनिंगचे चार कोपरे पकडायचे आणि फोटोशॉपमध्ये `Distort` ने नवी खिडकी त्यांवर ताणायची. मी नेहमी असंच करते, कधी अडलं नाही.

पंचवटीकर: रेखाताई, समोरून काढलेल्या फोटोत ते चालतं. अरुंद गल्लीतून फोटो तिरका आणि खालून येतो, तिथे फसतं. तुम्ही पकडता ते कोपरे भिंतीच्या दर्शनी बाजूचे; चौकट त्याच्या आत बसलेली असते. खालून पाहताना ओपनिंगची वरची आतली बाजू दिसते, आणि चौकटीची खालची कड भिंतीआड जाते. म्हणून जुन्या चौकटीच्या कडांवर रेघा ओढून त्या भिंतीआडही वाढवायच्या आणि जिथे मिळतील ते कोपरे धरायचे. जुन्या भिंतीची दिसणारी जाडी तशीच ठेवायची, आणि नव्या खिडकीचा भिंतीआड जाणारा भाग मास्कने झाकायचा.

दुसरं म्हणजे प्रमाण. एका कामात ओपनिंग ४ बाय ५ फूट होतं आणि कॅटलॉगमधली खिडकी ३ बाय ५. ताणल्यावर ३ इंची उभ्या पट्ट्या ४ इंची झाल्या, आडव्या मात्र ३ इंचीच राहिल्या. खिडकी खोटी वाटते ती यानेच. तिरकी करण्याआधी सपाट चित्रातच काचेचा भाग रुंद करा, पट्ट्यांना हात लावू नका.

सुतारकाम: माप रुंदीला तीन ठिकाणी, उंचीला तीन ठिकाणी घ्या आणि सगळ्यात कमी धरा. वाड्याचं ओपनिंग कधी काटकोनात नसतं. आमच्याकडे कडाप्प्याची पट्टी बसवल्यावर खाली अर्धा इंच कमी पडला होता.

पंचवटीकर: दादा, विषय फोटोचा आहे, पण मुद्दा लाखमोलाचा. फोटोतलं वाकडं ओपनिंगही सरळ करू नका. नवी चौकट काटकोनात ठेवून फट दिसू द्या.

मेघा_गंगापूररोड: दोन झडपांची खिडकी असेल तर कर्ण काढून बघा. माझ्या फोटोत चौकटीची डावी कड ५०० पिक्सेल उंच, उजवी ४००, रुंदी ३००. झडपा मिळतात ती रेघ १५० वर नाही, डावीकडून १६७ च्या आसपास यायला हवी. कर्ण तिथेच छेदतात.

रेखा_सिडको: बरं, आणि छज्जाची सावली? मी जुनीच `Multiply` ने वर ठेवते.

पंचवटीकर: नवी चौकट जुनीइतकीच आत असेल तर ठीक. बाहेरच्या बाजूला सरकली तर सावलीची कड खाली-वर होते, मी नव्याने काढतो.

मेघा_गंगापूररोड: मला तर जुनीच जास्त खरी वाटते, जुन्या लाकडाच्या भेगा तिच्यात उतरल्या नसतील तर.