'मीच बघतो' म्हणजे निर्णय त्याचाच का? डिस्कव्हरी कॉलच्या नोट्सवरून एक शंका

रानजाई: सेल्समध्ये नवीन आहे. काल क्लायंटची गरज जाणून घ्यायच्या पहिल्या कॉलचं, म्हणजे डिस्कव्हरी कॉलचं, ट्रान्सक्रिप्ट वाचून बजेट, निर्णय कोणाचा, गरज, मुदत असे चार रकाने भरले. क्लायंटचं वाक्य होतं, "स्टॉकच्या सॉफ्टवेअरचं सगळं मीच बघतो, यंदा त्यासाठी तरतूद आहे, नवीन तिमाहीच्या आधी चालू करायचंय." मी लिहिलं निर्णय: हाच, बजेट: मंजूर. टीम लीडने दोन्ही खोडलं, म्हणाली शब्द परत वाच. काय चुकलं?

भुईकमळ: काही चुकलं नाही. बघणं म्हणजे जबाबदारी त्याची, आणि तरतूद म्हणजे पैसे बाजूला काढलेले, मग मंजूरच की.

जुनी वही: अर्धं बरोबर आहे. 'बघतो' म्हणजे काम सांभाळतो, पण सांभाळणारा आणि सही करणारा एकच असेल असं नाही, उलट चार कंपन्यांकडून कोटेशन मागवायचं काम बहुतेकदा अशाच माणसाकडे असतं. आणि तरतूद म्हणजे त्या नावाखाली रक्कम धरलीय एवढंच. मंजुरी म्हणजे हाच खर्च, याच विक्रेत्याला, करा असं कुणीतरी कागदावर म्हटलंय, आणि मधे कुणी ती रक्कम दुसरीकडे वळवूही शकतं. "निर्णय तुम्हीच घेता ना" असं थेट विचारू नकोस, माणूस हो म्हणून मोकळा होतो. मागच्या वेळी सॉफ्टवेअर घेतलं तेव्हा कागद कुणाकुणाकडे फिरला आणि किती दिवस लागले ते विचार, निर्णय आणि मुदत दोन्ही त्यातच कळतात. अजून एक, 'चालू करायचंय' ही ऑर्डरची तारीख नव्हे, जुना डेटा हलवायला आणि लोकांना शिकवायला 3 आठवडे लागणार असतील तर तेवढं मागे मोजून ऑर्डरची तारीख काढ.

पाणपोई: आमच्या संस्थेत तरतूद होती, खरेदी समिती वर्षभर बसलीच नाही, रक्कम तशीच परत गेली. पण तुझं ट्रान्सक्रिप्ट बरोबर उतरलंय का? आमच्याकडे दोन माणसांचे आवाज एकाच नावावर येतात.

रानजाई: ट्रान्सक्रिप्ट ठीक आहे, ऐकून पडताळलंय. गरजेच्या रकान्यात मी "चांगलं सॉफ्टवेअर हवंय" लिहिलेलं.

जुनी वही: ती गरज नाही गं. त्रास काय होतोय, किती, हे त्याच्याच शब्दांत उचल.

रानजाई: सापडलं! "महिनाअखेरीला दोघं जण दोन दिवस एक्सेल जुळवत बसतात." आणि आज फोन करून कागदाचं विचारलं, तर म्हणाला, "सही फायनान्सच्या मॅडमची, पण मी नको म्हटलं तर त्या करत नाहीत." आता निर्णयकर्ता कोण लिहू?

भुईकमळ: बघ, तोच की!

जुनी वही: मी दोन नावं लिहीन, सही मॅडमची, नकार याचा. मॅडमशी अजून बोलणं नाही हेही लिही. निर्णयकर्ता हा एकवचनी शब्दच इथे अपुरा पडतो.

पाणपोई: मग 'सही कुणाची' असाच रकाना ठेवा ना.

जुनी वही: त्यात नकार देणारा सुटतो.