मदत हवी आहे: गरम जॉबची लेंथ २० डिग्रीला किती धरायची?

टर्नर_भोसरी
ईएन ८ चा शाफ्ट आहे, ५० डाया, लेंथ ६०० ± ०.०३. आमच्याकडे फेसिंग झाल्या झाल्या मायक्रोमीटरने ६००.०१२ आली, पास करून पाठवला. कस्टमरच्या स्टँडर्ड रूममध्ये तोच पीस ५९९.९६८, म्हणजे अंडरसाइज, लॉट होल्डवर. तपासताना जॉब ३८ डिग्री होता एवढं लिहून ठेवलेलं आहे. मग मी हिशोब केला, ६०० × ०.००००११५ × १८ म्हणजे ०.१२४. ते वजा केलं तर ५९९.८८८ येतंय, कस्टमरचं माप तर त्याच्या ८० मायक्रॉन वर आहे. आता फॉर्म्युला चुकतोय की आमचं माप?

जुना_फिटर
काही करेक्शन लागत नाही हो. मायक्रोमीटर पण स्टीलचाच, जॉबबरोबर तोही वाढतो, दोन्ही कटतं. २५ वर्षं असंच मोजतोय.

मेट्रॉलॉजी_काका
फिटरसाहेब, कटतं, पण दोघं एकाच टेंपरेचरला असतील तरच. टर्नरभाऊ, मायक्रोमीटर सेटिंग रॉडने झीरो केला असणार ना, तो रॉड किती डिग्रीला होता?

टर्नर_भोसरी
रॉड कपाटात असतो सर, शॉपचंच टेंपरेचर, ३३ धरा. झीरो लावला आणि लगेच जॉब मोजला.

मेट्रॉलॉजी_काका
मग तुमचा १८ तिथेच चुकला. रॉडवर जी लेंथ कोरलेली असते ती २० डिग्रीची, ३३ ला तो रॉड स्वतःच ९० मायक्रॉन लांब झालेला असतो आणि तुम्ही त्या लांब रॉडलाच ६०० म्हणून झीरो लावलात. म्हणजे १२४ पैकी ९० तिथेच वळते झाले, उरलं ते जॉब आणि रॉडमधल्या ५ डिग्रीचं:

```
600 × 0.0000115 × (38 − 33) = 0.0345
```

६००.०१२ मधून ते काढा, ५९९.९७७ ते ९७८ येतं. कस्टमरपेक्षा अजून ९-१० मायक्रॉन जास्त आहे, पण ८० चं भूत गेलं. वीस वजा करायचं ते मास्टर खरंच २० ला असेल तेव्हाच, नाहीतर मास्टरची दुरुस्ती पण त्याच हिशोबात धरावी लागते.

अ‍ॅल्यु_प्रोफाइल
आमचं उलट होतं, रॉड आणि जॉब दोन्ही रात्रभर एकत्र ठेवतो, तरी ६०० च्या अ‍ॅल्युमिनियमला ९० मायक्रॉनचा फरक पडतोच. एसी रूमला पैसे नाहीत. आम्ही काय करायचं?

मेट्रॉलॉजी_काका
तुमच्याकडे कटणारच नाही, अ‍ॅल्युमिनियम २३ ने वाढतं आणि रॉड साडेअकराने. सारख्या टेंपरेचरला ठेवलंत तरी दोघांतल्या साडेअकराचा फरक × (टेंपरेचर − २०) वजा करावाच लागेल, ३३ ला ६०० वर तो ९० च येतो, बघा. रूम नसली तरी चालेल, पण थर्मामीटर चांगला घ्या.

टर्नर_भोसरी
३८ आम्ही इन्फ्रारेड गनने घेतलं होतं, चालतं ना?

मेट्रॉलॉजी_काका
चकचकीत फेसवर गन मारली तर ती जॉबपेक्षा समोरच्या भिंतीचं आणि तुमचंच टेंपरेचर जास्त दाखवते. काळी चिकटपट्टी लावून तिच्यावर मारा, नाहीतर सरळ टेकवायचा प्रोब घ्या. ६०० वर एक डिग्री चुकली की ७ मायक्रॉन गेले. त्यापेक्षा जॉब आणि रॉड दोन्ही कास्ट आयर्नच्या प्लेटवर शेजारी ठेवा, ५० डायाच्या आत उष्णता बराच वेळ टिकते, त्यामुळे तासाभराच्या अंतराने दोन रीडिंग सारखी आली तरच मोजा. आणि रॉड प्लास्टिकच्या ग्रिपला धरा, उघडा मुठीत नको.

टर्नर_भोसरी
होल्डमधला पीस परत आणून रात्रभर ठेवला. सकाळी दोन्ही ३१ डिग्री, माप ५९९.९७६. आमच्याकडे पास, त्यांच्याकडे अजून ९६८ च. हे ८ मायक्रॉन कुठले?

जुना_फिटर
त्यांनी गाडीतून उतरवला आणि तसाच मोजला असेल.

मेट्रॉलॉजी_काका
तसं असतं तर त्यांना मोठा दिसला असता, लहान नाही. मग खरी लेंथ ९६८ पेक्षाही कमी, ते तुमच्या अजूनच विरोधात जातं. मला संशय साडेअकरावर आहे. तो रॉडच्या स्टीलला ठीक, तुमच्या ईएन ८ ला साडेबारा असेल तर ३१ डिग्रीवर दोघांत साडेसहा मायक्रॉनचा फरक पडतो आणि पहिल्या गरम मापाचाही हिशोब ४५ मायक्रॉनवर जाऊन जवळपास बसतो. पण हे आकडा बसतोय म्हणून म्हणतोय, रॉडच तेवढा घासलेला असेल तरी असंच दिसेल. रॉडचं शेवटचं कॅलिब्रेशन कधीचं आहे?

टर्नर_भोसरी
सर्टिफिकेट शोधतोय सर, फाइल स्टोअरवाल्याकडे आहे. तोपर्यंत रॉडच कस्टमरच्या रूममध्ये नेऊन मोजून घेता येईल का विचारतो.