मदत हवी आहे: गाळ्याचं भाडं चार डिपार्टमेंटना वाटताना ५४,००० रुपये उरतात

टेपवाली_ताई
नमस्कार मंडळी. साकीनाक्याला एका छपाईच्या कंपनीत अकाउंट्स बघते. एकच मोठा गाळा आहे, कार्पेट ४,००० फूट, भाडं महिना ३,६०,०००. आजवर हे सगळं एकाच खात्यात पडायचं. आता शेठना प्रत्येक डिपार्टमेंटच्या अंगावर किती भाडं येतं ते बघायचंय.

टेप घेऊन मीच मोजलं. छपाई १,८०० फूट, माणसं १४. गोदाम ९०० फूट, माणसं ४. डिझाइन ४०० फूट, माणसं १२. अकाउंट्स आणि एचआर मिळून ३०० फूट, माणसं ६.

फुटाला ९० रुपये धरून वाटलं तर बेरीज ३,०६,००० च होते. उरलेले ५४,००० मी ‘इतर’ नावाच्या ओळीत टाकले, तर शेठ विचारतात, “हे इतर कोण? त्यांना पगार कोण देतं?”

दुसरं, डिझाइनचे साहेब म्हणतात जागेवर वाटा, छपाईचे म्हणतात माणशी वाटा. दोघंही मला रोज जेवताना गाठतात. काय करू?

बोरिवली_लोकल
तुम्ही कार्पेट धरलंत तिथेच चुकलं. अ‍ॅग्रीमेंटवर सुपर बिल्ट-अप असेल, ते धरा, आपोआप जुळेल.

जुना_कॉस्टवाला
बोरिवलीकर, सगळ्यांना सारख्याच टक्क्याने फुगवलं तर गुणोत्तर आहे तेच राहतं, मग फुगवून मिळवलं काय? आणि एकूण आकडा तेवढा फुगवून डिपार्टमेंटचे फूट कार्पेटचेच ठेवले तर उरलेली रक्कम आणखी वाढेल. मोजमाप कुठलंही घ्या, पण वर आणि खाली एकच घ्या.

ताई, तुमच्या चार आकड्यांची बेरीज ३,४०० होते. राहिलेले ६०० फूट म्हणजे पॅसेज, रिसेप्शन, संडास-बाथरूम, बरोबर? ६०० गुणिले ९०, हेच तुमचे ५४,०००. तुम्ही ४,००० ने भागताय, पण भाडं घेणारे ३,४०० फुटांतच बसलेत. सोपा उपाय, भागायचं ते घेणाऱ्यांच्या बेरजेने. एक्सेलमध्ये B1 मध्ये भाडं आणि B4 ते B7 मध्ये फूट असतील तर:

```
=ROUND($B$1*B4/SUM($B$4:$B$7),0)
```

४,००० हा आकडा सूत्रात हाताने टाइप करू नका. छपाईला १,९०,५८८, गोदामाला ९५,२९४, डिझाइनला ४२,३५३ आणि अकाउंट्सला ३१,७६५ येतात. बेरीज बरोबर ३,६०,०००. एखाद्या महिन्यात रुपया इकडेतिकडे झाला तर तो छपाईत घाला, तिथे दिसणार नाही.

पार्ल्याची_मावशी
आमच्या सोसायटीत सर्व्हिस चार्जेस प्रत्येक फ्लॅटला सारखेच असतात, मोठा असो की लहान. पाण्याचे पैसे मात्र नळांवर. वन बीएचकेवाले दरवर्षी सभेत भांडतात. तुम्ही पण सगळ्यांना सारखे ९०,००० लावा की, कटकट मिटेल.

जुना_कॉस्टवाला
मावशी, सोसायटीला उपविधी आहेत, कंपनीत असं काही बंधन नाही. सारखे ९०,००० लावले तर ९०० फुटांचं गोदाम आणि ३०० फुटांचं अकाउंट्स एकाच भावात जातील. पण नळांचं उदाहरण चांगलं दिलंत. जो जे वापरतो त्यावर वाटायचं.

ताई, म्हणूनच तुमच्या दोन साहेबांचं भांडण मिटवायचं असेल तर भाड्याचे दोन तुकडे करा. सगळं माणशी वाटलं तर माणशी १०,००० पडतात, म्हणजे डिझाइनला १,२०,००० आणि छपाईला १,४०,०००. आता जेवताना कोण काय म्हणतं त्याचा उलगडा होतो. पण यंत्रं आणि कागदाची रिळं जागा खातात, माणसं नव्हे. तेव्हा डिपार्टमेंटची स्वतःची जागा ९० रुपये फुटाने. पॅसेज आणि संडास मात्र माणसंच वापरतात, म्हणून ते ५४,००० भागिले ३६ माणसं, माणशी १,५००.

छपाई १,६२,००० अधिक २१,०००, म्हणजे १,८३,०००. गोदाम ८१,००० अधिक ६,०००, म्हणजे ८७,०००. डिझाइन ३६,००० अधिक १८,०००, म्हणजे ५४,०००. अकाउंट्स २७,००० अधिक ९,०००, म्हणजे ३६,०००.

टेपवाली_ताई
काका, हे पटलं. पण छपाई दोन पाळ्यांत चालते, एका वेळी सातच जण असतात. १४ धरायचे की ७? आणि गोदामावर पोटमाळा आहे, तो मी मोजलाच नाही.

शिफ्टवाला
आमच्याकडे पाळी असली तरी पटावरचे सगळे धरतात. कॉन्ट्रॅक्टवाले मात्र धरत नाहीत, ते आमचे नाहीत ना.

जुना_कॉस्टवाला
ते संडास वापरत नाहीत का? हजेरीपत्रकावर नसले तरी धरायला हवेत. पाळ्यांचं म्हणाल तर दोन्ही पाळ्यांचे १४ जण पॅसेज वापरतात, त्यामुळे मी १४ धरीन. कॅन्टीनच्या खुर्च्यांचा प्रश्न असता तर ७ म्हणालो असतो. पोटमाळ्याचं भाडं अ‍ॅग्रीमेंटमध्ये वेगळं नसेल तर सोडा. काहीजण अर्धा धरतात, तेही चालतं, फक्त दर महिन्याला बदलू नका.

एक विचारतो, ३,६०,००० हा आकडा बिलावरचा की बँकेतून गेलेला? मालकाला टीडीएस कापून पैसे देत असाल तर बँकेत १० टक्के कमी दिसतात. वाटायचं ते पूर्ण भाडं. जीएसटीचं क्रेडिट घेत असाल तर तो यात नको, मिळत नसेल तर तोही खर्चच.

टेपवाली_ताई
बिलावरचाच, जीएसटी सोडून. आता खरी गोष्ट सांगते. शेठना छापलेल्या खोक्याच्या भावात भाडं धरायचंय, म्हणून अकाउंट्सचे ३६,००० पण बाकी तिघांवर टाकायचेत. मी माणशी १,००० लावून बघितलं, परत ६,००० उरतात!

जुना_कॉस्टवाला
पुन्हा तोच भाजक. ३६ माणसांत तुमचे सहा धरलेत, म्हणजे अकाउंट्सने स्वतःलाच बिल लावलं. ३० ने भागा, माणशी १,२००. छपाई १,९९,८००, गोदाम ९१,८००, डिझाइन ६८,४००.

टेपवाली_ताई
जमलं! मिटिंगमध्ये दाखवलं. शेठ ९१,८०० बघून म्हणाले, गोदाम भिवंडीला हलवू, तिथे ४०,००० त जागा मिळते, महिन्याला पन्नास हजार वाचतील.

जुना_कॉस्टवाला
थांबवा त्यांना. गोदाम गेलं म्हणून मालक भाडं कमी करणार आहे का? लॉक-इन असेल तर ३,६०,००० तसेच जातील, वर भिवंडीचे ४०,००० आणि टेम्पोचं भाडं. गोदामाचा वाटा बाकीच्यांच्या अंगावर येईल आणि खोकं कागदावर महाग दिसेल. ९१,८०० हा वाटपाचा आकडा आहे, वाचणारा पैसा नव्हे. रिकामे ९०० फूट पोटभाड्याने देता येत असतील किंवा छपाईला दुसरं यंत्र लावायचं असेल तरच गणित मांडा.

बोरिवली_लोकल
पण मग ते ९०० फूट रिकामे राहिले तर त्यांचं भाडं कोणाच्या नावावर?

जुना_कॉस्टवाला
मी वेगळी ओळ ठेवीन, रिकामी जागा म्हणून, खोक्याच्या भावात न घेता. आमच्या जुन्या साहेबांना हे कधी पटलं नाही, ते छपाईवरच टाकायचे.

टेपवाली_ताई
म्हणजे शेठना परत ‘इतर’ दिसणार. अ‍ॅग्रीमेंट काढून बघितलं, लॉक-इन अजून १४ महिने आहे. पोटभाड्याचं कलम वकिलाला विचारते आणि मग लिहिते इथे.