अनुक्रमणिकेत क्रमच नसेल तर? (हॅश इंडेक्स, बकेट वगैरे)

शमा_के
तंत्रनिकेतनाच्या दुसऱ्या वर्षाच्या डेटाबेस टिपणांचा अनुवाद करतेय. 'हॅश इंडेक्स'ला मी 'हॅश अनुक्रमणिका' लिहिलं, ते तपासणाऱ्या सरांनी परत पाठवलं. अनुक्रमणिका म्हटलं की क्रम आलाच, आणि हॅशमध्ये क्रम उरतच नाही, असं त्यांचं म्हणणं. पंचाईत अशी की त्याच प्रकरणात बी-ट्रीलाही मी अनुक्रमणिकाच म्हटलंय, आणि तिथे क्रम आहे. मग दोघांना दोन शब्द घ्यायचे का? 'बकेट' आणि 'एक्स्टेंडिबल हॅशिंग'ही राहिलेत. शिवाय प्रकरणाच्या शेवटी एक विधान आहे: फक्त बरोबरीचा शोध घ्यायचा असला तरी हॅश इंडेक्स क्वचितच परवडतो. का परवडत नाही ते मलाच उमगलेलं नाही, लिहू काय?

बोरूबहाद्दर
सर बरोबर आहेत. 'सूची' घ्या. पुस्तकाच्या पुढे असते ती अनुक्रमणिका, मागे असते ती सूची. सूचीचं नातं सूचन करण्याशी, म्हणजे बोट दाखवण्याशी. लॅटिनमध्येही इंडेक्स म्हणजे तर्जनीच. बकेटला 'कप्पा' किंवा 'खण'. 'बादली' लिहिणाऱ्याला त्याच बादलीत बुडवावं.

तुषार७
मागची शब्दसूची पण अकारविल्हे असते की, क्रम तिथेही आलाच!

टिपणातलं ते वाक्य मात्र मला चुकीचं वाटतं. हॅश एका उडीत जागेवर नेतो, बी-ट्रीत पायऱ्या उतराव्या लागतात. नोंदी वाढल्या की पायऱ्या वाढतात, उडी एकच राहते. ग्राहक क्रमांकावरून ग्राहक काढायचा असेल तर हॅशच लावावा. आमच्या मायएसक्यूएलवर मी `USING HASH` लिहून इंडेक्स केला, क्वेरी क्षणात यायला लागली.

गोदाकाठ
तुषार, तक्त्याचं इंजिन इनोडीबी असेल, बहुतेक असतंच, तर एकदा `SHOW INDEX FROM` चालवून `Index_type` हा रकाना बघ. तिथे BTREE दिसेल. इनोडीबी तुझं `USING HASH` मुकाट्याने वाचतं आणि बी-ट्रीच बांधतं. क्वेरीला वेग आला तो आधी इंडेक्सच नव्हता म्हणून.

पायऱ्यांचं तुझं म्हणणं कागदावर खरं आहे, पण त्या उतरायला लागतं काय ते मोजून बघू. पोस्टग्रेस घे, पान ८ केबीचं. एक कोटी नोंदी, किल्ली आठ बाइटची, म्हणजे तुझा ग्राहक क्रमांक. एका नोंदीला इंडेक्समध्ये २० बाइट लागतात. पान ९० टक्के भरलं धरलं तर तळाच्या एका पानावर साधारण ३६६ नोंदी मावतात, म्हणजे तळाला सुमारे २७,३०० पानं. त्यांच्याकडे बोट दाखवणारी वरची पानं शंभराच्या आत, आणि त्यांच्यावर एक मूळ. झाल्या तीन पायऱ्या. वरच्या दोन मिळून १ एमबीसुद्धा भरत नाहीत आणि सतत वापरात असल्याने मेमरीतून हलत नाहीत. डिस्कवर जायची वेळ आलीच तर ती तळाच्या एका पानासाठी, मग तक्त्याच्या एका पानासाठी.

हॅशमध्ये? एक बकेटचं पान, मग तक्त्याचं एक पान. डिस्कच्या बाजूने हिशेब तोच. वाचल्या त्या मेमरीतल्या दोन पानांवरच्या तुलना. तक्त्याचं पान आणण्यापुढे ती बचत किरकोळ आहे.

तुषार७
`SHOW INDEX` बघितलं. BTREE. 🙂 पण मग नोंदी अब्जावर गेल्या तर पायऱ्या वाढतीलच ना?

गोदाकाठ
वाढतील, एक. वरची पानं मेमरीत मावेनाशी झाली तर ती पायरी बोचेल. पण नोंदी एवढ्या झाल्या की हॅशची बकेटंही मेमरीत नसतात. आणि हॅश किल्ल्या मुद्दाम विखुरतो. चढत्या क्रमांकाच्या नव्या नोंदी बी-ट्रीत उजव्या टोकाच्या त्याच त्या गरम पानावर पडतात. हॅशमध्ये प्रत्येक नवी नोंद कुठल्या तरी भलत्याच पानावर.

अप्पासाहेब
आमच्या पतसंस्थेत सभासदांचे आधार क्रमांक आहेत. हॅश उलटा फिरवता येत नाही असं वाचलं होतं. त्या रकान्यावर हॅश इंडेक्स केला तर क्रमांक सुरक्षित राहतील का? सॉफ्टवेअरवाल्याला सांगतो.

गोदाकाठ
नका सांगू अप्पा. तक्त्यात क्रमांक उघडाच राहतो, इंडेक्स फक्त शोधायला. पोस्टग्रेसचा हॅश इंडेक्स किल्लीऐवजी चार बाइटचा हॅश साठवतो, हे खरं. ते लपवण्यासाठी नाही, आटोपशीर असावं म्हणून. आणि तेच त्याला भोवतं: दोन वेगळ्या किमतींचा हॅश सारखा येऊ शकतो, म्हणून तक्त्याचं पान उघडून खात्री करावीच लागते. बी-ट्रीत अख्खी किल्ली असते, त्यामुळे पुष्कळदा तक्त्याकडे न जाता इंडेक्सवरूनच उत्तर देता येतं. म्हणजे बरोबरीच्या शोधातही कधी कधी बी-ट्रीलाच एक पान कमी आणावं लागतं.

शमा_के
हे उपयोगी पडलं. एक्स्टेंडिबलचं सांगाल का? मी 'विस्तारक्षम' लिहिलंय.

बोरूबहाद्दर
'विस्तारक्षम' चांगला आहे, पण 'वाढता' जास्त मराठी. वाढता हॅश. खुद्द हॅशला 'कीस' का म्हणू नये? मूळ फ्रेंच शब्द बारीक चिरण्याचाच आहे.

तुषार७
वाढता कीस?? पोरं उपास सोडतील. हॅश, बकेट, इंडेक्स, जसे आहेत तसे ठेवा. मुलाखतीत 'कप्पा' म्हणून नोकरी मिळत नाही.

बोरूबहाद्दर
मुलाखतीसाठी भाषा नसते. 'रेल्वे' राहू दिली म्हणून 'स्थानक' फेकून दिलं का आपण?

गोदाकाठ
शमाताई, आधी काय वाढतं ते बघा, मग शब्द ठरवा. ही कल्पना फागिन, नीव्हरगेल्ट, पिपेंजर आणि स्ट्राँग यांची, १९७९ची. साध्या हॅशमध्ये बकेटं ठरावीक असतात. भरली की सगळं नव्याने मांडावं लागतं. इथे मध्ये एक निर्देशिका ठेवली. समजा हॅशचे शेवटचे दोन बिट बघायचे. निर्देशिकेत चार घरं: ००, ०१, १०, ११. एका बकेटमध्ये दोनच नोंदी मावतात. ००च्या बकेटमध्ये शेवटचे तीन बिट ००० आणि १०० असलेल्या दोन नोंदी आहेत, आणि आता १०० वाली आणखी एक आली. बकेट फुटलं. आता तीन बिट बघायचे, म्हणून निर्देशिका दुप्पट, आठ घरं. पण नोंदी हलल्या त्या फुटलेल्या बकेटच्याच: ००० एकीकडे, १०० च्या दोन दुसरीकडे. बाकीच्यांना हातही लावला नाही. ००१ आणि १०१ ही दोन्ही घरं जुन्या ०१च्याच बकेटकडे बोट दाखवत बसली. ते भरेल तेव्हा फुटेल, आणि तेव्हा निर्देशिका वाढवावी लागणार नाही, कारण घरं तयार आहेत.

म्हणजे दुप्पट होते ती निर्देशिका. बकेटं एकेक करून फुटतात. 'विस्तारक्षम' चालेल, पण वाक्यात हे दोन्ही वेगळं दिसू द्या.

कुठलीही नोंद जास्तीत जास्त दोन पानं आणून सापडेल, ही त्यांची हमी. मेमरी तुटपुंजी होती तेव्हा तिला मोल होतं. नंतर बी-ट्रीच्या वरच्या पायऱ्या मेमरीतच राहायला लागल्या आणि हमीतली हवा निघाली.

मीनल_आर
मध्येच विचारते. `status` सारख्या रकान्यावर काय होतं? आमच्याकडे तीनच किमती आहेत आणि शोध नेहमी बरोबरीचाच असतो.

गोदाकाठ
तिथे तर हॅशची पुरती दैना. सारख्या किमतींचा हॅश सारखाच, शेवटच्या बिटापर्यंत. कितीही बिट बघा, त्या नोंदी वेगळ्या होत नाहीत. बकेट फोडायच्या नादात निर्देशिका दुप्पट, परत दुप्पट, आणि नोंदी जिथल्या तिथे. शेवटी जोडपानांची साखळी लावावी लागते आणि शोध म्हणजे ती साखळी चालत जाणं.

पोस्टग्रेसचा हॅश मात्र एक्स्टेंडिबल नाही, लिनिअर आहे, लिटविनच्या १९८०च्या पद्धतीचा. त्यात निर्देशिका नाही, बकेटं ठरलेल्या ओळीने फुटतात. साखळीचं दुखणं तेच.

मीनल_आर
मग माझी खरी केस सांगते. तक्ता पोस्टग्रेसमध्ये, रकाना यूआरएलचा, काही यूआरएल हातभर लांब. बी-ट्री करायला गेले तर हे आलं:

```
index row size 2712 exceeds btree version 4 maximum 2704
```

हॅश केला, चालला. मग तो वाईट कसा?

गोदाकाठ
हॅश खरोखर परवडतो तो इथेच. ग्राहक क्रमांकाला बी-ट्रीतही २० बाइट आणि हॅशमध्येही २०, वर हॅश मुळात पानं ७५ टक्केच भरतो, म्हणजे जागा उलट जास्तच. पण शंभर बाइटच्या यूआरएललाही हॅशमध्ये २०च लागतात. तुमचा निर्णय ठीक आहे. आवृत्ती १०च्या आधीची नाही ना? २०१७पर्यंत हॅश इंडेक्सची नोंद लॉगमध्ये जात नसे. सर्व्हर आडवा झाला की इंडेक्स हाताने नव्याने बांधा.

एकच अडचण: तोच यूआरएल दोनदा येऊ नये असं हवं असेल तर

```
access method "hash" does not support unique indexes
```

त्यावर जुनी युक्ती आहे, हॅश काढायचा आणि तो बी-ट्रीत ठेवायचा:

```sql
CREATE UNIQUE INDEX ON dakhale (md5(url));
SELECT * FROM dakhale WHERE md5(url) = md5($1) AND url = $1;
```

बोरूबहाद्दर
म्हणजे क्रम नसलेल्याला क्रमात बसवलं. मग 'अनुक्रमणिका' चालली की!

शमा_के
सरांना हे सांगू का? 🙂 मी सध्या दोन्हीकडे 'इंडेक्स' ठेवतेय, बकेटला 'कप्पा'.

तुषार७
कप्पा फुटतो कसा पण? कप्प्याचे भाग पडतात. बकेट फुटतं.

बोरूबहाद्दर
बादली फुटते, बकेट फुटत नाही. ते इंग्रजीत 'स्प्लिट' होतं.

मीनल_आर
`md5` वाला करून बघितला, चालतोय. पण महिनाअखेरीला एकेका संकेतस्थळाचे सगळे यूआरएल हवे असतात, `LIKE 'https://...%'` करून. त्याला हाही नाही आणि आधीचा हॅशही नाही. सध्या अख्खा तक्ता वाचला जातो.

गोदाकाठ
'फक्त बरोबरीचाच शोध लागतो' म्हणणाऱ्यांना कधी ना कधी हा अहवाल मागितला जातोच. संकेतस्थळाचं नाव वेगळ्या रकान्यात काढा आणि त्यावर साधा बी-ट्री करा. `EXPLAIN` इथे टाका, बघू.

अप्पासाहेब
आधारचं मग काय करायचं ते कुणी सांगितलंच नाही.